बाल्कनीच्या स्लॅबमध्ये थर्मल ब्रेक घालावा का?

प्रश्न: जर्मनीत भावाच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीलगतचा कोपरा थंड पडून काळा होतो. आम्ही वर्ध्याजवळ गावात स्लॅब टाकतोय. असं होऊ नये म्हणून घराचा स्लॅब आणि बाल्कनी यांच्या जोडात थर्मल ब्रेक, म्हणजे उष्णता अडवणारा तुकडा, घालतात म्हणे. आपणही तो घालावा का?

उत्तर: तुम्हाला गरज नाही, भावाच्या इमारतीला होती. तिथे बाल्कनी म्हणजे घरातलाच स्लॅब भिंतीतून बाहेर काढलेला असतो आणि खोलीची ऊब त्या काँक्रीटमधून निघून जाते. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना कोपऱ्याचा पृष्ठभाग साधारण साडेबारा अंशांखाली राहिला, की बुरशी धरते. नऊच्या आसपास तर पाणीच सुटतं. थर्मल ब्रेकमध्ये भिंतीच्या रेषेत ८ ते १२ सेंटिमीटर इन्सुलेशन असतं. वरचा ताण त्यातून आरपार जाणाऱ्या स्टेनलेस सळ्या घेतात, कारण त्यांतून साध्या लोखंडापेक्षा उष्णता बरीच कमी वाहते. खालचा दाब छोटे ठोकळे पेलतात.

आपल्याकडे उलट बाहेरची उष्णता आत येते, पण नऊ इंची विटांच्या उघड्या भिंतीतून आणि गच्चीतून. तिथे बाल्कनीचा जोड तेवढा तोडून काय मिळणार? पैसा गच्चीच्या इन्सुलेशनवर घाला. आणि मिस्त्री म्हणाला, "जोडात थर्माकोल टाकून देऊ," तर साफ नाही म्हणा. तिथलं काँक्रीट सलग राहिलं नाही आणि दाब पेलणारे ठोकळेही नसले, की बाल्कनी खाली येईल.