लिप्यंतर सगळ्यात शेवटी करा

प्रश्न: आमच्या शिक्षणसंस्थेच्या दप्तरात शासन निर्णय, परिपत्रकं आणि जिल्हा परिषदेची पत्रं अशा बऱ्याच पीडीएफ आहेत. मजकूर मराठी, मध्येच इंग्रजी, नावं कधी देवनागरीत तर कधी इंग्रजीत. क्रमांक, दिनांक, विषय आणि कर्मचाऱ्याचं नाव एवढं काढून तक्ता करायचा आहे. सगळं आधी इंग्रजीत लिप्यंतरित करून घेतलं तर सोपं जाईल का?

उत्तर:

नका करू. मी नेमकं हेच केलं होतं आणि ते निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ गेला. एका संस्थेच्या वैयक्तिक मान्यतेच्या पत्रांचा तक्ता करताना मी सगळी नावं इंग्रजी अक्षरांत आणली. काळे आणि काले असे दोन शिक्षक होते, दोघांची आद्याक्षरंही सारखीच. तक्त्यात दोघेही Kale झाले आणि एकाची मान्यता दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसली. ज्येष्ठता यादीत एक ओळ कमी भरली तेव्हा कुठे ते कळलं. मराठीतून इंग्रजीत जाताना ळ आणि ल, ठ आणि थ, ण आणि न यांतला फरक पुसला जातो आणि परत येताना तो कुठूनही मिळत नाही.

म्हणून प्रत्येक गोष्टीला दोन रकाने ठेवा. पहिल्यात कागदावर जसं आहे तसं, त्याच लिपीत, त्याच चुकांसकट. दुसऱ्यात शोधण्या-जुळवण्यासाठी सारखं केलेलं रूप. पहिल्या रकान्याला कधीच हात लावायचा नाही.

आता फायलींकडे. मजकूर काढण्याआधी प्रत्येक पीडीएफवर ही आज्ञा चालवा:

```
pdffonts patra.pdf
```

टंकांच्या नावांत कृतिदेव, श्री-देव, डीव्हीबी योगेश असलं काही दिसलं, तर तो मजकूर युनिकोड नाही. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात. कृतिदेवातलं ‘शासन’ कॉपी केलं की `'kklu` असं येतं. मिश्र कागदांत याचा जास्त त्रास होतो, कारण खरी इंग्रजी आणि ही नकली इंग्रजी एकाच ओळीत असतात. सगळी ओळ परिवर्तकात टाकली की मराठी सुधारतं आणि त्यातल्या इंग्रजी शब्दांची माती होते. तेव्हा फरक टंकाच्या नावावरून करायचा. `pdfplumber` ही पायथनची लायब्ररी प्रत्येक अक्षराबरोबर `fontname` देते. जुन्या मराठी टंकातले तुकडे तेवढे परिवर्तित करा, बाकीचे जसेच्या तसे जोडा.

फाईल नुसतं स्कॅन असेल तर चित्रातून मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्टला दोन्ही भाषा एकदम द्या, `-l mar+eng`. यात आकडे बिघडतात. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, त्यामुळे १२ चे 92 होतात. माझा नियम साधा आहे: एकाच संख्येत देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे आले, उदाहरणार्थ २०1९, तर तो कागद माणसाने बघायचा. कधी कधी टंकलेखकानेच तसं टाइप केलेलं असतं, पण बघायला दहा सेकंद लागतात.

क्रमांक आणि दिनांक यांत सगळ्यात मोठी चूक वाचण्याची नसते, जागेची असते. शासन निर्णयात ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा असतात आणि नुसता नमुना शोधला की त्याच हाती लागतात. कागदाचा स्वतःचा क्रमांक शीर्षभागात असतो, ‘वाचा’च्या वर. तेवढाच भाग कापून घ्या आणि त्यातच शोधा. लेबलानंतर अपूर्णविराम असेलच असं धरू नका. आपल्याकडे ‘दिनांकः’, ‘विषयः’ असं विसर्ग लावून सर्रास टाइप करतात, म्हणून नमुन्यात `[:ः]` असे दोन्ही घ्या.

शासन निर्णयाची तारीख पडताळायला शेवटचा परिच्छेद कामाला येतो. शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचं सांगणाऱ्या वाक्यात १८ आकडी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. तो शीर्षभागातल्या तारखेशी जुळला की निश्चिंत व्हा. एखाद-दोन दिवसांचा फरक चालेल, पण वर्षाचा फरक आला तर तुम्ही संदर्भातली तारीख उचललेली आहे. जिल्हा परिषदेच्या पत्रांना ही सोय नाही.

आता नावं. पुढचा नमुना मी रचलेला आहे, पण असली पत्रं तुमच्या दप्तरात नक्की सापडतील. पत्राचा मजकूर मराठी: ‘श्री. श्री. वि. वर्‍हाडे, सहायक शिक्षक, यांना वरिष्ठ वेतनश्रेणी मंजूर करण्यात येत आहे.’ खाली जोडलेला तक्ता इंग्रजी आणि त्यात `VARHADE SHRIKANT VINAYAK`. संस्थेच्या आधीच्या यादीत हाच माणूस ‘वऱ्हाडे श्रीकांत विनायक’. तिन्ही एकच हे आपल्याला दिसतं, संगणकाला दिसत नाही.

मराठी वाक्यातून नाव काढणं त्यातल्या त्यात सोपं, कारण कार्यालयीन मराठी नावाला सहसा विभक्ती लावत नाही. ‘पाटलांना’ असं पत्रात क्वचितच येतं, ‘श्री. पाटील यांना’ असं येतं. म्हणजे डावीकडे श्री., श्रीमती, सौ., कु., डॉ. आणि उजवीकडे यांना, यांनी, यांचे, यांचेकडील. या दोन कुंपणांच्या मधलं घ्या, मग पहिल्या स्वल्पविरामानंतरचं पदनाम वेगळं करा. एक धोका मात्र लक्षात ठेवा. उपाधी काढताना ‘श्री.’ एकदाच काढा. वरच्या नावातलं दुसरं ‘श्री.’ हे श्रीकांतचं आद्याक्षर आहे. दिसेल तितक्या वेळा काढणारा कोड त्या माणसाला ‘वि. वर्‍हाडे’ करून टाकतो.

आता वरच्या दोन स्पेलिंगांकडे नीट पाहा. वऱ्हाडे आणि वर्‍हाडे कागदावर सारखे दिसतात, पण आत वेगळे आहेत. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडचिन्ह-संकेत, `U+200D`. हे अदृश्य संकेत कचरा म्हणून सरसकट काढून टाकले, तर ‘वर्हाडे’ उरतं, म्हणजे रफार असलेलं भलतंच नाव. आधी र्‍ चं ऱ् करायचं आणि मगच बाकीचे काढायचे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांचीही तीच गत. ‘ऑगस्ट’ कुणी एका अक्षराने लिहितं, कुणी आ वर चंद्र देऊन, आणि `NFC` हे युनिकोडचं प्रमाणीकरण केल्यानेही ते एक होत नाहीत. म्हणून दुसऱ्या रकान्यासाठी मी हे वापरतो:

```python
import re, unicodedata

def sarkhe(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("\u0905\u200d?\u0945|\u090d", "\u0972", s)
    s = s.replace("\u0906\u0945", "\u0911")
    return re.sub("[\u200c\u200d]", "", s)
```

ओळींचा क्रम बदलू नका. शेवटची ओळ वर गेली तर वर्‍हाडे बिघडतील.

देवनागरी आणि इंग्रजी नाव जुळवताना एकातून दुसरं बनवू नका. दोन्हींचा व्यंजनांचा सांगाडा काढा आणि सांगाडे ताडून पाहा. सांगाड्यात v आणि w एक, ल आणि ळ एक, ट-त, ठ-थ, ण-न एक, श-ष-स एक. ज्ञ ला dny, gy आणि jn तिन्ही चालू द्या, कारण ज्ञानेश्वर हे नाव तिन्ही तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. वऱ्हाडेचा सांगाडा व-र-ह-ड. `VARHADE` आणि `WARHADE` दोन्ही त्याला पूर्ण जुळतात. `WARADE` मध्ये h नाही, ते ‘कदाचित’. हे जुळणं म्हणजे फक्त ‘शक्य आहे’ एवढंच, कारण काळे आणि काले यांचा सांगाडाही एकच निघतो.

म्हणून सांगाडा जुळला की दुसरा पुरावा मागा. आडनाव आधी की शेवटी याकडे दुर्लक्ष करून आद्याक्षरांचा संच ताडा: श्री आणि वि, तिकडे S आणि V, जुळलं. यात एक गोंधळ आहे. काही पत्रांत आद्याक्षरं मराठी असतात, ‘श्री. वि.’, तर काहींत इंग्रजी अक्षरांची नावंच देवनागरीत लिहिलेली असतात, ‘एस. व्ही.’. दुसऱ्या प्रकारासाठी सव्वीस अक्षरांची यादी हाताने करून ठेवा आणि ‘व्ही’सोबत ‘वी’ही घ्या. थोडी अक्षरं दोन्हीकडे बसतात. ‘सी.’ म्हणजे सीताराम असेल किंवा C, म्हणजे चंद्रकांत. तिथे दोन्ही शक्यता जिवंत ठेवा. सगळ्यात भक्कम पुरावा शालार्थ आयडीचा. तो पत्रात असेल तर आधी तोच काढा आणि नावं फक्त खातरजमेला वापरा. आयडी एक आणि सांगाडा पूर्ण वेगळा असं दिसलं, तर आयडी चुकीचा टाइप झालेला असू शकतो किंवा लग्नानंतर आडनाव बदललेलं असू शकतं. हे कोडने ठरवू नये, सेवापुस्तक उघडून बघावं.

आयडीही नाही आणि आद्याक्षरंही नाहीत, नुसतं ‘Shri Kale’ आहे, तर मराठी नावाचा रकाना रिकामा ठेवा. इंग्रजीवरून देवनागरी नाव ‘अंदाजे’ भरण्याचा मोह होतो, विशेषतः तक्त्यात रिकाम्या जागा वाईट दिसतात म्हणून. पण एकदा भरलेलं नाव पुढच्या माणसाला कागदावरून आलेलं वाटतं आणि तो त्यावर पगारपत्रक काढतो.

हीच शिस्त तारखेलाही लावा. जिल्हा परिषदेच्या पत्रांत ‘दि.   /०८/२०२२’ असं छापून दिवस पेनाने घातलेला असतो आणि स्कॅनमध्ये तो पुष्कळदा उमटत नाही. तिथे महिना आणि वर्ष घ्या, दिवस रिकामा ठेवा आणि तुमच्या कार्यालयाच्या आवक शिक्क्यावरची तारीख ‘आवक दिनांक’ या वेगळ्या रकान्यात लिहा. पत्राची तारीख म्हणून ती कधीही भरू नका.