भोक पाडलं पण पापुद्रा उरला: बूलियन कटची प्रश्नोत्तरे

गेले बरेच दिवस फिरून फिरून तोच गोंधळ विचारला जातोय. सॉलिड आहे, कटर आहे, difference ने सॉलिडमधून कटर वजा केला, आणि भोक एकतर पडत नाही, अर्धवट पडतं किंवा पडल्यासारखं दिसून स्लायसरमध्ये एरर येतो. बहुतेक वेळा कारण दोनच असतात, कटरचा चेहरा सॉलिडच्या चेहऱ्यावर तंतोतंत टेकलेला असतो नाहीतर दोन तुकड्यांत डोळ्याला न दिसणारी फट असते. जास्त प्रश्न ओपनस्कॅडवाल्यांचे आहेत म्हणून उदाहरणं तिथलीच घेतलीत, पण कारण सगळीकडे सारखंच.

प्लेट ६ मिमी, सिलिंडर पण ६ मिमी, दोन्ही शून्यावरून सुरू. F5 मारलं की भोकाच्या तोंडावर पातळ पापुद्रा दिसतो आणि मॉडेल फिरवलं की लुकलुकतो. काय करू?

कटर खालून १ आणि वरून १ मिमी बाहेर काढा, म्हणजे सुरुवात -१ वर आणि उंची ८. बस.

पण F6 नंतर तो पापुद्रा गायब होतो. मग राहू दे ना तसंच?

नाही. F5 ला प्रोग्रॅम आकार काढत नाही, फक्त चित्र रंगवतो, आणि एकाच खोलीवर दोन चेहरे आले की कुठला पुढे दाखवायचा हे दर पिक्सेलला वेगळं ठरतं, म्हणून ते लुकलुकणं. F6 ला खरा हिशोब होतो आणि आकडे दोन्हीकडे हुबेहूब सारखे असले तर भोक बऱ्याचदा नीट पडतंही. पण उद्या तोच पार्ट rotate केलात किंवा जाडी दशांशात गेली की आकडे हुबेहूब सारखे राहतील याची खात्री कोण देणार? F5 चा पापुद्रा ही फुकट मिळालेली सूचना आहे, ती बघून कटर लांब करा.

कटर बाहेर काढायला मी नेहमी ०.०००००१ चा एप्सिलॉन ठेवतो, एकाने सांगितलेलं की जितका छोटा तितकं माप अचूक. तरी स्क्रूच्या भोकात मध्येच पडदा राहतो. दांडीचा आणि डोक्याचा असे दोन सिलिंडर एकावर एक ठेवलेत.

हे "जितका छोटा तितका चांगला" कोणी सुरू केलं माहीत नाही, पण त्याने जितके पार्ट वाया गेलेत तितके दुसऱ्या कशाने गेले नसतील. नीट वाचा, थोडं लांबेल.

आधी एप्सिलॉन जातो कुठे ते बघा. आरपार भोकाच्या कटरचं टोक प्लेटच्या बाहेर हवेत जातं. हवेतलं काही फाइलमध्ये उरतच नाही, त्यामुळे कटर ०.०१ बाहेर गेला काय आणि ५ मिमी गेला काय, भोक तेच आणि माप तेच. मग कंजुषी कशासाठी? छोटा एप्सिलॉन ठेवून अचूकता काडीची वाढत नाही, उलट तो हरवायची शक्यता वाढते. बायनरी STL मध्ये प्रत्येक आकडा ३२ बिटांत बसवतात, आणि १५० मिमीच्या आसपास अशा दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर साधारण ०.००००१५ मिमी असतं. तुमचा ०.०००००१ त्याहून लहान. म्हणजे मॉडेलमध्ये तुम्ही दोन चेहरे वेगळे ठेवलेत पण फाइल लिहिताना ते परत एकमेकांवर येऊन बसले.

आता तुमचा पडदा. समजा प्लेट १० मिमीची, डोक्यासाठी ८ व्यासाचा खड्डा ३.३ खोल आणि दांडीसाठी ४.२ चं भोक. तुम्ही दांडीचा कटर ० ते ६.७ घेतलाय आणि डोक्याचा ६.७ पासून वर. दोन कटर एकमेकांना फक्त टेकलेत. एका ठिकाणी ६.७ हाताने टाइप केलंय आणि दुसरीकडे ते १० वजा ३.३ असं हिशोबातून येतंय, आणि हे दोन आकडे शेवटच्या बिटापर्यंत सारखेच येतील असं धरून चालता येत नाही. खात्री करायची असेल तर हे चालवा:

```
echo(0.1 + 0.2);         // 0.3
echo(0.1 + 0.2 == 0.3);  // false
```

पहिल्या ओळीत 0.3 दिसतं कारण छापताना आकडा गोल केला जातो, आत मात्र ०.३ पेक्षा किंचित मोठा आकडा बसलेला असतो. डोळ्याने बघून "सारखेच आहेत की" म्हणणारे इथेच फसतात.

याहून वाईट पुढे होतं. महिन्याभराने कोणीतरी प्लेट १०.२ ची करतं. डोक्याचा खड्डा हिशोबाने ६.९ वर सरकतो, दांडीचा कटर मात्र ६.७ वरच थांबतो कारण तो आकडा हाताने लिहिलेला. मध्ये ०.२ मिमीची चकती उरली. ०.२ च्या लेयरने प्रिंट करत असाल तर तो बरोबर एक लेयर होतो, म्हणजे मशीन तो पडदा इमानेइतबारे प्रिंट करणार. स्क्रीनवर वरून बघितलं तर खड्ड्याचा तळच वाटतो, आणि खालून बघितलं तर भोक आहे असंच वाटतं.

उपाय एप्सिलॉन वाढवायचा नाही, कटर टेकवायचेच नाहीत. दांडीचा कटर अख्ख्या प्लेटमधून आरपार न्या, डोक्याचा त्याच्यावर चढू द्या:

```
t = 10;
difference() {
  cube([40, 40, t]);
  translate([20, 20, -1])
    cylinder(d=4.2, h=t+2, $fn=64);
  translate([20, 20, t-3.3])
    cylinder(d=8, h=3.3+1, $fn=64);
}
```

आता t काहीही करा, दोन कटर एकमेकांत घुसलेलेच राहतात आणि एप्सिलॉन नावाची चीज लागतच नाही. खड्ड्याचा तळ मात्र नेमक्या मापावर ठेवलाय, तिकडे वाढवायचं नाही, कारण तिकडे हवा नाही, मटेरियल आहे. आंधळं भोक असेल तरी हेच, फक्त तोंडाच्या बाजूने बाहेर काढा. आणि तोंडासमोर दुसरी भिंत असेल तर ते १ मिमी तिला खाईल, म्हणून कटरच्या आधी `#` लावून एकदा बघा तो कुठवर जातोय. पार्ट कोणाच्या ड्रॉइंगवरून करत असाल तर ३.३ ही खोली कुठल्या चेहऱ्यापासून मोजलीय हे ज्याचं ड्रॉइंग त्यालाच विचारा, आपल्या मनाने धरू नका.

कटर वाढवला तर भोक मोठं होणार नाही का?

नाही, तुम्ही लांबी वाढवताय, व्यास नाही. भोक घट्ट येत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे, $fn कमी असला की वर्तुळाऐवजी आतल्या बाजूने बसणारा बहुकोन मिळतो आणि भोक सपाट बाजूंपाशी अरुंद होतं. किती सूट ठेवायची ते ज्याच्या मशीनवर पार्ट निघणार त्याला विचारून ठरवा.

४० व्यासाच्या पाइपवर १० व्यासाचा बॉस, म्हणजे गोल उंचवटा, आडवा जोडलाय, बरोबर २० वरून सुरू केलाय. मग त्यातून भोक पाडलं तर बॉस पाइपपासून सुटा दाखवतो.

सुटाच आहे तो. बॉसचं बूड सपाट आणि पाइप गोल, त्यामुळे मध्यावर टेकला तरी कडेला, म्हणजे मध्यापासून ५ मिमीवर, पाइपचा पृष्ठभाग १९.३६ वर असतो, तिथे ०.६ मिमीहून मोठी फट. त्यात $fn ३२ असेल तर पाइप गोलही नाही. दोन कोपऱ्यांच्या मध्ये त्याची सपाट बाजू १९.९ वर येते, म्हणजे बॉस नेमका सपाट बाजूसमोर असेल तर मध्यावरही ०.१ मिमीची फट. ही फट दिसत नाही कारण बॉसच्या सावलीत जाते. आतल्या भोकातून सेक्शन काढून बघाल तेव्हा समजेल.

बॉस २० वरून नाही, पाइपच्या अक्षापासूनच सुरू करा, खुशाल आत घुसू द्या. आधी पाइपचा भरीव दांडा आणि बॉस यांचं union, आणि पाइपचं आतलं पोकळ सगळ्यात शेवटी कापा, म्हणजे आत घुसलेला बॉस आपोआप निघून जातो. भरीव आधी, पोकळ शेवटी. पाइपला दाब येणार असेल तर भिंतीची जाडी मात्र जाणकाराकडून तपासून घ्या, मॉडेलमध्ये फट उरली नाही म्हणजे पार्ट टिकेल असं नाही.

ब्लेंडरमध्ये बूलियनसाठी Exact घेऊ की Fast?

Exact. टेकलेले चेहरे Fast ला झेपत नाहीत, आणि तोच नव्या आवृत्तीत Float नावाने दिसतो. तरीही कटर लांबच ठेवा, आणि ऑब्जेक्ट ओढून लहानमोठा केला असेल तर आधी `Ctrl+A` करून Scale लावून टाका.

फ्रीकॅडमध्ये पॉकेट ६ मिमी दिला होता, नंतर जाडी ८ केली तर भोक आरपार राहिलं नाही.

Type मध्ये `Through all` निवडा.

उतरवून घेतलेल्या STL मध्ये भोक पाडायचंय, कटर लांब आहे तरी एरर येतो. एका क्लिकमध्ये मॉडेल दुरुस्त करून देणारं पेड टूल घेऊ का?

पैसे खिशात ठेवा. तुमच्या कटरचा दोष नाही, मूळ जाळीच उघडी आहे. STL म्हणजे सुट्या त्रिकोणांची यादी, कोण कोणाला जोडलंय हे त्यात लिहिलेलंच नसतं. कडेचे बिंदू केसभर सरकलेले असले की तिथे फट, आणि फट असली की आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे ठरत नाही, मग कापणार काय?

ब्लेंडरच्या एडिट मोडमध्ये Select, All by Trait, Non Manifold करा, बिघडलेल्या कडा उजळून दिसतील. बारीक फटी `Merge by Distance` ने मिटतात. अंतर ०.०००१ पासून सुरू करून हळूहळू वाढवा, मोठं टाकलंत तर बारीक कोपरे एकमेकांना चिकटतील. मग `Shift+N` ने चेहऱ्यांच्या दिशा बाहेर करा आणि परत Non Manifold बघा.

"एका क्लिकमध्ये" हे शब्द दिसले की सावध व्हा. अशा टूलला तुमच्या पार्टमधलं कुठलं भोक हवंय आणि कुठलं चुकून पडलंय हे कळत नाही, ते उघडी दिसेल ती कड बुजवून टाकतं आणि वर हिरवी खूण दाखवतं. दुरुस्त केल्यावर लांबी, रुंदी, उंची आणि प्रत्येक भोकाचा व्यास स्वतः मोजा. सगळ्यात सरळ म्हणजे ज्याने मॉडेल केलंय त्याच्याकडे मूळ फाइल किंवा STEP मागा, मिळाली तर ही सगळी डोकेदुखी संपते.

फाइल फार मोठी झालीय, पन्नासेक कट आहेत, F6 आत्ताच पहिल्यांदा केलं आणि एक्सपोर्टवर एरर आला. कुठला कट बिघडलाय कसं शोधू?

पन्नास कट होईपर्यंत थांबायला नको होतं, चार-पाच कट झाले की एकदा F6 मारायचं असतं. असो. अर्ध्या कटरांपुढे `*` लावा, ते बंद होतात. F6 करून STL काढा. एरर गेला तर दोषी त्या अर्ध्यात, नाही गेला तर उरलेल्यात. पुन्हा अर्धे करा, पाच-सहा फेऱ्यांत एकावर याल. दोन ठिकाणी बिघाड असला तर एक दुरुस्त करून परत पहिल्यापासून. सापडलेल्या कटरला `#` लावून त्याचं प्रत्येक टोक कशाला टेकतंय ते बघा आणि टेकत असेल तिथे हवेच्या बाजूला १ मिमी बाहेर काढा. दोन कटर एकमेकांना टेकत असतील तर वर सांगितलं तसे एकमेकांत घुसवा. सगळं करूनही एरर राहिला तर तेवढा एक कटर आणि त्याच्याभोवतीचं सॉलिड वेगळ्या फाइलमध्ये काढून माहितगाराला दाखवा, पन्नास कटांची फाइल कोणी उघडून बघत नाही.