पहिल्या रात्रीचा सेन्सर: ५८ खरं की १०४?

*प्रश्न: बाबांना (वय ७१, दोन वेळा इन्सुलिन) काल संध्याकाळी पहिल्यांदाच दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावला. एक तासाने आकडे सुरू झाले. रात्री तीनला अलार्म वाजला, ५८. ते गाढ झोपेत होते. बोटातून बघितली तर १०४. सकाळी पोहे-जिलेबी खाल्ल्यावर सेन्सर १४८ आणि बाण सरळ वर, बोटातून १९१. सेन्सर खराब निघाला का? ॲपमध्ये कॅलिब्रेशन सापडत नाही. — विजयनगर, इंदूर*

एवढ्यावरून सेन्सर खराब म्हणता येणार नाही. तुमचे दोन्ही फरक वेगवेगळ्या कारणांनी पडलेले दिसतात, म्हणून वेगवेगळे बघू.

आधी तो एक तास. सेन्सरची बारीक तार कातडीखाली जाते आणि रक्तातली नव्हे, तर पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजते. तार आत गेली की तिथे इवलीशी जखम होते, थोडी सूज येते आणि त्या जागेची साखर काही काळ आजूबाजूपेक्षा वेगळी वागते. त्या एका तासात, म्हणजे वॉर्म-अपमध्ये, तार भिजून तिचा विद्युतप्रवाह स्थिर होतो, एवढंच. जखम काही तासाभरात शांत होत नाही. म्हणून आकडा दिसायला लागला तरी पहिले १२ तास, कित्येकांना पूर्ण २४ तास, तो थोडा इकडेतिकडे असतो, आणि बरेचदा खाली. या पहिल्या दिवसात सेन्सरच्या एकट्या आकड्यावर ना इन्सुलिन ठरवायचं, ना साखर भरवायची. बोट टोचायचंच.

आता रात्रीचे तीन. बाबा त्याच कुशीवर झोपले होते का? दंड अंगाखाली दबला की तिथला द्रवाचा प्रवाह मंदावतो आणि सेन्सरला साखर कमी दिसते. ॲपमधला रात्रीचा आलेख उघडा. खरी साखर उतरते तेव्हा रेघ बहुधा उतारासारखी खाली येते. दबल्यामुळे पडलेली रेघ एकदम कोसळते, तळाशी थोडा वेळ सपाट राहते आणि कूस बदलली की तशीच झटक्यात वर येते. अशी रेघ असेल, तर ५८ हा पहिली रात्र आणि दबलेला दंड या दोघांचा मिळून निघालेला आकडा आहे. त्या वेळी १०४ वर विसंबून तुम्ही साखर दिली नसेल तर बरोबरच केलंत.

पण इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ‘ते तर शांत झोपले होते’ हा पुरावा धरू नका. मधुमेह जुना असेल तर साखर उतरल्याची जाणीवच कमी होते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड, थरथर दबून जाते. घाम मात्र येतो. म्हणून इन्सुलिनवरच्या माणसाचा कमी आकडा बोटाने तपासूनच खोटा ठरवायचा. आणि उलट बाजूने, घाम फुटलाय, बोलणं असंबद्ध होतंय आणि ग्लुकोमीटर हाताशी नाही, तर आधी १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पडताळणी मागाहून. गिळता येत नसेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडातून काही न देता ताबडतोब दवाखाना.

साखर दिल्यानंतरचं १५ मिनिटांचं मोजमापसुद्धा बोटातूनच करा. रक्तातली साखर वर आलेली असते, सेन्सर मात्र अजून ६० दाखवत बसतो. घरचे घाबरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सरबत पाजतात आणि पहाटे २८० होते.

सकाळचं कोडं त्यामानाने सोपं आहे. बाण सरळ वर म्हणजे साखर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने चढतेय. सेन्सर रक्तापेक्षा साधारण ५ ते १० मिनिटं मागे असतो. म्हणजे २० चा फरक केवळ या उशिरानेच पडू शकतो. शिवाय ग्लुकोमीटरही काटेकोर नसतो. चांगल्या यंत्राला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे तुमचं १९१ हे खरं बघता १६५ ते २२५ मधलं काहीही असू शकतं. आणि तिसरी गोष्ट, जिलेबी हाताने खाल्ली असणार! बोटाला पाकाचा लवलेश राहिला तरी आकडा फुगतो, आणि स्पिरिटच्या बोळ्याने तो पाक नीट निघत नाही. साबण-पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मग टोचा.

कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाचा आकडा भरून सेन्सर जुळवून घेणं, तुम्हाला सापडलं नाही कारण ते नाहीच. एक तासाचा वॉर्म-अप आणि ॲपमध्ये पर्याय नाही, यावरून तुमचा सेन्सर लिब्रेच्या जातीचा वाटतो. तो कारखान्यातूनच जुळवून येतो. डेक्सकॉमच्या जी-६, जी-७ मध्ये कॅलिब्रेशन ऐच्छिक आहे. मेडट्रॉनिकच्या जुन्या गार्डियन ३ ला दर १२ तासांनी बोटाचा आकडा द्यावाच लागायचा.

आणि खरं सांगू, आज सकाळी तो पर्याय नव्हता हे बरंच झालं. समजा तुम्ही १४८ च्या जागी १९१ भरलं असतं. यंत्राचं गणित इतकं सरळ नसतं, पण ढोबळमानाने त्याने पुढचे सगळे आकडे तीस टक्क्यांनी वर उचलले असते. मग रात्री बाबांची साखर खरोखर ६० झाली तर स्क्रीनवर ७७ दिसले असते आणि ७० ला लावलेला अलार्म वाजलाच नसता. म्हणून पुढे कधी कॅलिब्रेशनवाला सेन्सर घेतलात तर बाण आडवा असताना, जेवणाआधी, धुतलेल्या हाताने घेतलेला आकडाच भरा, तोही लगेच. पहिल्या दिवशी शक्यतो नाहीच, अर्थात यंत्रच मागत असेल तर गोष्ट वेगळी.

सेन्सरची परीक्षा आता उद्या सकाळी, उपाशीपोटी, आडव्या बाणावर घ्या. बोटातून १०० च्या खाली असेल तर २० अंकांपर्यंत आणि १०० च्या वर असेल तर २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. समजा बोट १३२ आणि सेन्सर ११८ आला. फरक १४, म्हणजे साधारण ११ टक्के. सेन्सर ठीक आहे. पण २४ तास उलटून गेल्यावर, आडव्या बाणावर, वेगवेगळ्या वेळी तीनदा मोजूनही २० टक्क्यांच्या बाहेर जात असेल, तर दोन्ही स्क्रीनचे फोटो वेळेसकट काढा आणि कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर कळवा. सेन्सर काढून फेकू नका, ते परत मागू शकतात. त्याआधी पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा, आणि डबी गॅसशेजारी किंवा बंद गाडीत राहिलेली नाही ना तेही. इंदूरच्या मे महिन्यात पट्ट्या सेन्सरच्या आधी बिघडतात.

पहिल्या दिवसानंतर रोज उठून टोचायची गरज नाही. अंगाची लक्षणं आणि आकडा जुळत नसेल, ७० च्या खाली दाखवत असेल, बाण उभा असताना इन्सुलिन द्यायचं असेल किंवा स्क्रीनवर आकडाच नसेल, तेव्हा टोचा. बाबा व्हिटॅमिन सी च्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, लिब्रेचा आकडा त्याने खोटाच वर जाऊ शकतो आणि खरी कमी साखर झाकली जाते.

पुढचा सेन्सर ते ज्या कुशीवर झोपत नाहीत त्या दंडाला लावा, आणि सकाळी लावा, म्हणजे त्याचे डळमळीत तास घरात सगळे जागे असताना निघून जातील. तोवर आज रात्री अलार्म वाजलाच तर आधी कूस बदलायला लावा, मग टोचा.