आय.यू.चे मायक्रोग्रॅम करताना

प्रश्न : डॉक्टरांनी आईला रोज १००० आय.यू. ड जीवनसत्त्व घ्यायला सांगितलंय. भावाने परदेशातून पाठवलेल्या डबीवर मात्र २५ एमसीजी एवढंच आहे. ही गोळी कमी ताकदीची का? आणि आय.यू. म्हणजे 'आंतरराष्ट्रीय एकक', ते नक्की काय असतं?

गोळी कमी ताकदीची नाही. ड जीवनसत्त्वाचे ४० आय.यू. म्हणजे १ मायक्रोग्रॅम, आणि एमसीजी हे मायक्रोग्रॅमचंच छोटं रूप. १००० ला ४० ने भागा, २५ येतात. फक्त तो आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा, हे डबीवर बघून घ्या. काही डब्यांवर एका वेळच्या मात्रेचा आकडा छापतात आणि ती मात्रा दोन गोळ्यांची असते.

आता शब्दाकडे येऊ. 'एकक' म्हटलं की आपल्याला शाळेतलं एकक-दशक आठवतं. इथे त्याचा अर्थ मोजण्याचं ठरलेलं माप. पण ग्रॅम हेही मापच, मग हे वेगळं कशाला? आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढवलं की वजन कळतं, रंग किती उतरेल ते कळत नाही. त्यासाठी हळकुंड मोडूनच बघावं लागतं. जीवनसत्त्वांचं सुरुवातीला असंच होतं. शुद्ध पदार्थ हातात नव्हता, तर वजन करणार कशाचं? म्हणून गुणावरून मोजत. मुडदूस झालेल्या उंदरांना द्यायचं आणि त्यांची हाडं किती भरून येतात ते पाहायचं. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे उंदीर वेगळे, त्यामुळे आकडे जुळत ना. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९३१ साली सगळ्यांसाठी एक प्रमाण नमुना ठरला, त्याच्याशी ताडून जे माप आलं ते 'आंतरराष्ट्रीय'. परदेशी मालाशी या शब्दाचा संबंध नाही. सांगलीत बनलेल्या गोळीवरही तो तसाच येणार. पुढे शुद्ध ड-३ मिळू लागलं आणि त्याच्या ०.०२५ मायक्रोग्रॅमला एक एकक मानलं गेलं. आपला ४० चा आकडा तिथून आला.

एकक गुणावरून ठरलेलं असल्यामुळे हा ४० दुसऱ्या जीवनसत्त्वाला लावता येत नाही. अ जीवनसत्त्वाचं, म्हणजे रेटिनॉलचं, एक एकक ०.३ मायक्रोग्रॅमचं आहे. कॉड माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये अ आणि ड दोन्ही असतात, तिथे प्रत्येकाचा हिशेब वेगळा करा.

मराठीत लिहिताना मला खरी धास्ती वाटते ती संक्षेपाची. एका आरोग्य शिबिराच्या पत्रकाचं मराठी मी केलं होतं. त्यात 'मा.ग्रॅ.' असं लिहिलं. छापून आलं तेव्हा सगळीकडे 'मि.ग्रॅ.' होतं. अक्षरजुळणी करणाऱ्याला ती चूक वाटली, म्हणून त्याने चांगल्या मनाने सुधारली. काना जाऊन वेलांटी आली आणि मात्रा हजारपट झाली. २५ मिलिग्रॅम ड जीवनसत्त्व म्हणजे १० लाख आय.यू. आम्ही सगळा गठ्ठा रद्दीत घातला. तेव्हापासून मी 'मायक्रोग्रॅम' हा शब्द पूर्ण लिहितो, जागा कितीही कमी असो. इंग्रजीतही हीच अडचण आहे. ग्रीक म्यू अक्षर घाईच्या हस्ताक्षरात एमसारखं दिसतं, म्हणून औषधांच्या बाबतीत एमसीजी लिहिणं बरं समजतात. 'सूक्ष्मग्रॅम' असा प्रतिशब्द सुचवणारे भेटतात, पण डबीवर तो नसतो, दुकानदाराला कळत नाही. रुळलेला शब्दच इथे सुरक्षित.

डबी तपासायची असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आय.यू.चा आकडा मायक्रोग्रॅमच्या ४० पट असलाच पाहिजे. कुठे '१००० आय.यू., २५ मि.ग्रॅ.' दिसलं तर छपाई चुकली आहे, ती डबी दुकानात परत दाखवा. एक अपवाद कॅल्सिफेडिऑलचा. ते ड जीवनसत्त्वाचंच पुढचं रूप, पण जास्त जोरकस. त्याच्या मायक्रोग्रॅमला ४० ने गुणून साध्या ड-३ शी बरोबरी लावू नका.

घरात आठवड्याला एक घ्यायची ६०,००० आय.यू.ची कॅप्सूल उरलेली असेल तर ती या डबीजवळ ठेवू नका. ६०,००० भागिले ४० म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, आईच्या रोजच्या ६० गोळ्या एका कॅप्सूलमध्ये. दोन्ही चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. आणि नव्या डबीवर चिठ्ठी डकवा : 'रोज १ गोळी, १००० आय.यू., म्हणजे २५ मायक्रोग्रॅम.'