केळीच्या खोडाच्या यंत्रापैकी पेटंट नक्की कशाला मिळेल?

प्रश्न: "रावेरकडे केळी करतो. खोडाची कुट्टी करणारं यंत्र बनवलंय, लागवडीचं नवं अंतर शोधलंय, आणि बागेत लवकर निसवणारं एक झाडही निवडलंय. तिन्हींचं पेटंट होईल का? आणि मिळालं तर काय हातात येतं?"

दादा, तिन्हींपैकी फक्त यंत्राचं होऊ शकेल.

लागवडीचं अंतर ही शेतीची पद्धत झाली. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एच) मध्ये ती सरळ वगळली आहे, मग उत्पन्न दुप्पट झालं तरी. झाड, बियाणं, वाण कलम ३(जे) मध्ये बाहेर पडतात. झाडासाठी दुसरी वाट आहे: २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. तिथे वाण वेगळा, एकसारखा आणि पुढच्या पिढीत टिकणारा दाखवावा लागतो. एक झाड लवकर निसवलं एवढ्यावर भागत नाही.

आता यंत्र. केळीच्या खोडातले दोरे शाफ्टला गुंडाळतात आणि कुट्टी जाम होते, हा खरा प्रश्न. चारा कुट्टीचं जुनं यंत्र आणि शेणखत पसरवायचं यंत्र एका फ्रेमवर वेल्ड केलं, दोघं आपापलं काम करतायत, तर कलम ३(एफ) खाली नकार येतो. पण शाफ्टला खेटून तुम्ही असा दातेरी पट्टा बसवला असेल की दोरा गुंडाळायच्या आतच कापला जातो, तर बोलण्यासारखं आहे. तरीही असा पट्टा दुसऱ्या एखाद्या यंत्रात आधीच असेल, तर 'जाणकाराला सहज सुचणारं' म्हणून अडकाल. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज मोफत शोधता येतात, ते आधी बघा.

अर्जात नेमकं काय तुमचं, हे सांगणारं वाक्य म्हणजे दावा. त्याची भाषा सगळ्यात महत्त्वाची. 'बारा दात्यांचा लोखंडी पट्टा' लिहिलंत, तर शेजारचा फॅब्रिकेशनवाला चौदा दात्यांचा बनवून मोकळा. 'शाफ्टच्या परिघाला लागून असलेलं, दोरा कापणारं स्थिर साधन' असं मूळ दाव्यात, आणि दात्यांची संख्या पुढच्या दाव्यात, असं लिहून घ्या. फार रुंद केलंत की जुनी यंत्रं त्यातच येतात, दावा तिथेच पडतो.

मिळालं की काय? इतरांना ते बनवणं, वापरणं, विकणं, आयात करणं यापासून अडवण्याचा हक्क. तोही फक्त भारतात, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी भरली तरच. लोक चुकतात ते इथे: हा यंत्र बनवण्याचा परवाना नाही. आतला कटर दुसऱ्याच्या पेटंटमधला असेल, तर तो तुम्हालाही अडवू शकतो. कॉपी करणाऱ्यामागे कोर्टातही तुम्हालाच जावं लागतं.

एक गोष्ट आजच करा: यंत्राचा व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अर्जाआधी जाहीर झालं की नवेपण जातं. कृषी प्रदर्शनातली सवलत फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, गावोगावच्या मेळाव्यांना नाही. घाई असेल तर मुंबई कार्यालयात तात्पुरता तपशील, म्हणजे शोधाचं पहिलं वर्णन, दाखल करून अर्जाची तारीख पकडा, आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्या. पण त्या तात्पुरत्यात दातेरी पट्टा चित्रासकट आला पाहिजे, नाहीतर त्याला ती तारीख मिळत नाही.