ओळ तुटते तिथे वाक्य तुटतं का?

प्रश्न : ‘मुक्तछंदात वाक्य अर्धं असतानाच ओळ तोडतात, त्याला एन्जॅम्बमेंट म्हणतात असं वाचलं. आपल्याकडे ज्याला यतिभंग म्हणतात ते हेच का? मराठी शब्द कोणता? आणि ओळ कुठे तोडायची याला काही आधार असतो, की कवीची मर्जी?’

यतिभंग नव्हे. यती म्हणजे वृत्ताने आधीच नेमून दिलेला विसावा. मंदाक्रांतेत 17 अक्षरांच्या चरणात तो चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर येतो, शार्दूलविक्रीडितात 19पैकी बाराव्यानंतर. विसाव्याच्या जागी शब्द अर्धवट चिरला गेला की यतिभंग होतो आणि तो दोष मानतात. तुम्ही विचारताय त्यात शब्द शाबूत असतो. ओळ संपलेली असते पण अन्वय संपलेला नसतो, तो पुढच्या ओळीत उतरतो. मूळ फ्रेंच शब्दात ‘टांग टाकून ओलांडणे’ ही कल्पना आहे, म्हणून इथे ‘ओळ ओलांडणे’ असं म्हणतो. वाक्य जिथल्या तिथे मिटतं ती थांबती ओळ, पुढे जातं ती वाहती.

अन्वय पुढे नेण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. संस्कृत काव्यात एक वाक्य दोन श्लोकांत पसरलं तर त्याला युग्मक म्हणत, पाच किंवा अधिक श्लोकांत पसरलं तर कुलक. पण तिथे चरणाची लांबी वृत्त ठरवतं. वाक्य मावलं नाही म्हणून ते पुढे सांडतं. मुक्तछंदात सांडायला कुणी भाग पाडत नाही. त्यामुळे तिथली प्रत्येक तोड हा निर्णय असतो, आणि तो कशासाठी घेतला हे विचारता येतं.

एक साधं गद्य घेऊ : आजोबांची छत्री अजून खुंटीवर आहे. पाऊस आला की आई ती खाली काढते, पुसते, उघडत नाही. पुन्हा टांगून ठेवते.

आधी वाक्य किंवा उपवाक्य संपेल तिथे ओळ संपवून पाहा :

आजोबांची छत्री अजून खुंटीवर आहे.
पाऊस आला की आई ती खाली काढते,
पुसते, उघडत नाही.
पुन्हा टांगून ठेवते.

चारही ओळी क्रियापदावर किंवा ‘नाही’वर मिटतात. मराठी वाक्य सहसा क्रियापदावरच संपत असल्याने थांबत्या ओळींच्या शेवटी आहे, काढते, ठेवते अशी रांग लागते. दर ओळीला आवाज खाली येतो, वाचन संथ आणि एकसुरी होतं. शोकाला ते शोभेलही, पण ‘उघडत नाही’ ही कवितेतली खरी गोष्ट बाकीच्या कामांत मिसळून जाते.

आता हीच वाक्यं अशी :

आजोबांची छत्री अजून खुंटीवर आहे पाऊस
आला की आई ती खाली काढते, पुसते, उघडत
नाही.
पुन्हा टांगून ठेवते.

शब्द एकही बदललेला नाही, फक्त ‘आहे’नंतरचा पूर्णविराम काढला. पहिल्या ओळीच्या शेवटी क्षणभर ‘खुंटीवर आहे पाऊस’ असं वाचलं जातं आणि ‘आला’ येताच ते वाचन मोडतं. पण टांगलेला पाऊस मनात राहतो, या कवितेत तो राहायलाच हवा. दुसऱ्या ओळीत तीन क्रिया एकामागून एक येतात. ‘उघडत’ म्हटल्यावर वाचक ‘उघडते’च्या दिशेने निघालेला असतो आणि पुढच्या ओळीत एकटं ‘नाही’ भेटतं. मग पूर्णविराम, आणि शेवटची ओळ थांबती. आधी वाहत्या ओळींनी घेतलेला वेग तिथे उतरतो.

वाहत्या ओळीत दोन ओढी एकाच वेळी चालतात. ओळीचा शेवट डोळ्याला थांबवतो, अपुरा अन्वय मनाला पुढे खेचतो. खेच जितकी जास्त तितका झटका मोठा. दोन उपवाक्यांच्या मधे तोडलं तर जेमतेम जाणवतं, विशेषण आणि नाम यांच्या मधे तोडलं तर बऱ्यापैकी. मराठीत त्याला लिंगाचीही साथ आहे. ‘ओली’वर ओळ सोडली की वाचक स्त्रीलिंगी नामाची वाट पाहतो. छत्री? भिंत? माती? ‘ओलं’वर सोडली तर अपेक्षेचं गणित बदलतं. ‘लाल’वर सोडली तर लिंग कळतच नाही, वाट मोकळी राहते.

सगळ्यात जोरकस जागा मात्र ‘नाही’च्या आधीची. नकार क्रियापदाच्या मागून येतो, त्यामुळे ‘तो आला’ इथे ओळ तोडून खाली ‘नाही’ ठेवलं तर आख्खं विधान उलटतं. ही जागा फार स्वस्तात मिळते हेच तिचं दुखणं. एका कवितेत दुसऱ्यांदा वापरली की वाचक ‘नाही’ची वाट पाहत बसतो आणि झटका विनोदी होतो.

इंग्रजी कवितेतल्या तोडी पाहून मराठीत तसंच करायला गेलं की फसतं. तिथे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी सुटं येतं, म्हणून त्यावर ओळ लोंबती ठेवता येते. आपलं ‘छत्रीखाली’ जोडलेलं, ते तोडलं तर ‘छत्री’ आणि ‘खाली’ हे दोन वेगळे शब्द वाचले जातात. ‘घरा’ वर आणि ‘ला’ खाली, हा तर निव्वळ छपाईचा खेळ. ‘की’चंही तसंच. ‘ती म्हणाली की’ असं बोलताना आपण ‘की’नंतर थांबतो, म्हणून ‘की’वर संपणारी ओळ मराठी कानाला सहज वाटते, ‘की’ने सुरू होणारीच अडखळते. (अर्थात तसं अडखळणंच हवं असेल तर गोष्ट निराळी.)

ठसा कशावर पडतो, हेही क्रियापदाच्या जागेवर ठरतं. मराठीत जोर बहुधा क्रियापदाच्या लगेच आधीच्या शब्दावर असतो. ‘छत्री आईनं उघडली’ म्हटलं की भर ‘आईनं’वर येतो. तिथेच ओळ तोडली तर ‘आईनं’ आणखी उठून दिसतं, आणि खालच्या ओळीच्या तोंडाशी आलेलं ‘उघडली’सुद्धा. पण ‘आईनंच’ लिहून वर ओळही तोडली तर एकाच शब्दावर दोन खिळे ठोकले जातात. ‘च’ ठेवा किंवा तोड ठेवा.

तोड सजावटीपुरती आहे का ते तपासायला सगळ्या ओळी जोडून गद्य करा आणि मोठ्याने वाचा. काहीच हरवलं नाही तर ती तोड काढा. ‘आई ती’ म्हणून ओळ तोडून ‘खाली काढते’ पुढे नेलं तर ‘ती’वर उगाच प्रकाश पडतो आणि आईलाच ‘ती’ म्हटलंय का, असा गोंधळ होतो. झटका बसतो, पण त्यातून अर्थ निघत नाही.

वाचून दाखवताना दोन चुका सर्रास होतात. दर ओळीला आवाज खाली पाडला तर वाहती ओळही थांबती होते. गद्यासारखं सलग वाचलं तर तोड ऐकूच येत नाही. स्वर खाली न आणता स्वल्पविरामाहूनही कमी थांबायचं. ‘अजूनही’सारखा स्वरान्त शब्द किंचित लांबवता येतो. ‘उघडत’चा उच्चार व्यंजनावर तुटतो, त्यामुळे तिथे आपोआप कट बसतो. वरच्या कवितेत तो कामाचा आहे.

फोनवर ती दुसरी ओळ बहुतेक मावणार नाही. ‘उघडत’ पडद्याच्या कडेवरून आपोआप खाली येईल आणि त्याखाली ‘नाही.’ म्हणजे ‘उघडत’लाही एकटं उभं राहण्याचा मान मिळेल, जो कवीने दिलेला नाही. छापताना अशी वळलेली ओळ आत सरकवतात, म्हणजे ती तोड नाही हे कळतं. निरोपात तशी सोय नसते. तिथे पाठवायची कविता असेल तर ओळी आधीच आखूड ठेवा, किंवा सरळ चित्र करून पाठवा.