ब्लॉगचे सात तुकडे करू नका, त्यातल्या अटी शोधा

प्रश्न: घरच्या बागेवर एक मोठा ब्लॉग लिहिलाय. त्यातून आठवडाभराच्या छोट्या पोस्ट आणि एक ईमेल कसा काढू? रोज किती वाजता टाकू?

या कामावरून माझं आणि माझ्या त्या वेळच्या भागीदाराचं जोरदार वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

कुंडीतल्या टोमॅटोवर मी अडीच हजार शब्दांचा ब्लॉग लिहिला होता. भागीदाराने त्याचे सरळ सात तुकडे केले, ‘भाग १’ ते ‘भाग ७’ असे आकडे घातले आणि रोज एक टाकला. तिसऱ्या दिवशीची पोस्ट होती, ‘बगलफूट दिसली की लगेच खुडा.’ पानाचा देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यातून फुटणारा कोंब म्हणजे बगलफूट. ब्लॉगमध्ये त्याच्याच पुढच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की हे फक्त वेलीसारख्या उंच वाढत जाणाऱ्या जातींसाठी आहे. झुडपी जातीची उंची ठरावीक असते आणि तिची बरीचशी फळं याच फांद्यांवर धरतात. तो परिच्छेद ‘भाग ४’मध्ये गेला. पंधरा दिवसांनी एका बाईंनी फोटो पाठवला: एक उघडं खोड, वर चार पानं, आणि खाली ‘तुम्ही सांगितलं तसंच केलं.’ त्यांची जात झुडपी होती. ‘भाग ४’ त्यांना दिसलाच नव्हता.

भागीदाराचं म्हणणं, लोकांनी सगळे भाग वाचायला हवेत. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: कुणीही सातही भाग वाचत नाही. कालची पोस्ट पाहिलेल्यालाच आजची दिसेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून पोस्टवर भागाचा आकडा घालूच नये, आणि प्रत्येक पोस्ट एकटी वाचली तरी झाडाचं नुकसान होता कामा नये.

त्यानंतर तोच ब्लॉग मी पुन्हा हातात घेतला. ‘हे करा’ सांगणारं प्रत्येक वाक्य वहीत उतरवलं आणि समोर त्याची अट लिहिली: कोणत्या जातीला, कोणत्या वयाच्या रोपाला, माती कशी असताना. अशी चौदा वाक्यं निघाली. ज्यांची अट एका वाक्यात मावत होती तीच पोस्टसाठी ठेवली.

सोमवारची पोस्ट झाली ती अशी: ‘भर दुपारी टोमॅटोची पानं मलूल दिसली तर लगेच पाणी घालू नका. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, पानं बहुतेक स्वतःच सावरतात. ओल्या मातीतही ती सकाळपर्यंत मलूलच राहिली तर मुळं कुजत असल्याची शंका घ्या आणि कुंडीचं भोक बुजलंय का ते पाहा.’ ब्लॉगमध्ये हेच दोन पानं होतं, पण यात अट आणि कृती दोन्ही शाबूत आहेत. सुरुवात दिसणाऱ्या लक्षणाने केली, कारण कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच उघड्या दिसतात आणि माणूस आपल्या कुंडीत जे दिसतं त्याच्यापाशीच थांबतो.

बुधवारी नुसता फोटो टाकला, फळाच्या बुडाला आलेल्या काळ्या खोलगट डागाचा, आणि विचारलं, हे कशामुळे? बहुतेकांनी बुरशी म्हटलं. गुरुवारी उत्तर दिलं: बुरशी नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि कुंडीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी. गुरुवारच्या पोस्टमध्ये फोटो पुन्हा लावला, नाहीतर तीही ‘भाग २’ झाली असती. रोप लावताना खोड खोल पुरण्याची एक पोस्ट शुक्रवारी केली, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. त्यात ‘हे टोमॅटोपुरतं, सगळ्या रोपांना नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीतच ठेवलं. बाकी दोन दिवस वाचकांच्या प्रश्नांना दिले आणि रविवार मोकळा सोडला.

बगलफुटीचा मुद्दा मात्र ईमेलला दिला. ज्याची अट लांब आहे त्याची जागा तीच. ईमेल म्हणजे ब्लॉगचा सारांश नव्हे, सारांश वाचून कुणी काही करत नाही. एकच मुद्दा पुरता: दोन्ही जाती कशा ओळखायच्या (शेंडा वाढतच राहतो की फुलांच्या घोसात संपतो), मग कुठली फूट खुडायची आणि कुठली ठेवायची, शेवटी ब्लॉगची एकच लिंक. सब्जेक्ट लाइन होती, ‘बगलफूट खुडण्याआधी शेंडा बघा’. हा ईमेल शनिवारी पाठवला, कारण तोवर लोक कॉमेंटमध्ये नेमकं काय विचारतायत ते कळलं होतं आणि त्यातलाच एक प्रश्न पहिल्या वाक्यात घेता आला.

वेळेचं म्हणाल तर तुमचे वाचक झाडांना पाणी घालतात त्याच्या थोडं आधी. अचूक वेळ तुमच्या खात्याच्या आकड्यांतच पाहा.

एक राहिलं. तुमचा ब्लॉग सूचनांचा नसून बागेच्या वर्षभराच्या नोंदींचा असेल तर ही वहीची पद्धत उपयोगाची नाही, तिथे तारखेनुसार तुकडे चालतील. पण तिथेही ‘मी औषध फवारलं’ अशी नोंद असेल तर कोणत्या किडीवर आणि किती पातळ करून, हे त्याच पोस्टमध्ये लिहा.